रोज एकाच मेट्रोने जाणाऱ्या सहकारिणीजवळ मन मोकळे करायचे आहे. ते कुठे आणि कसे करावे?

ऑरेंज_लाइन

नमस्कार. मी नागपूरच्या मिहानमधील एका कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. घर इंदोऱ्याला असल्यामुळे इंदोरा चौकातून मेट्रो पकडतो आणि खापरीला उतरतो. तिथून कंपनीची बस कार्यालयापर्यंत नेते. याच विभागात काम करणारी एक सहकारी सुभाषनगरहून ॲक्वा लाइनने सीताबर्डीला येते, तिथे गाडी बदलते आणि आमच्या गाडीत चढते. सकाळच्या त्या वेळी सीताबर्डीला दार उघडले की तीन डब्यांच्या गाडीत पाय ठेवायला जागा उरत नाही. गर्दीचा लोंढा आत येतो, त्यात ती कशीबशी खांबापर्यंत पोहोचते आणि जेवणाच्या डब्याची पिशवी माझ्याकडे देऊन आधी चेहऱ्याला बांधलेला स्कार्फ सोडते. उन्हाळ्यात त्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात एक कांदा असतो, कारण ऊन लागू नये म्हणून तो जवळ ठेवावा, अशी तिच्या आजीची सक्त ताकीद आहे. खापरी येईपर्यंत आम्ही बोलत असतो. बोलणे बहुतेक कामाचे, कधी घरचे, कधी काहीच नाही.

मला ती मनापासून आवडते आणि हे तिला सांगावे असे वाटते. आम्ही दोघेही अविवाहित आहोत. महिलांसाठी राखीव जागा असतानाही ती नेहमी आमच्याच डब्यात चढते, त्यामुळे तिच्या मनातही काही असावे, असे मला वाटते. अडचण अशी आहे की एप्रिलपासून माझ्याकडे देयकांच्या गटाचे नेतृत्व येणार असल्याचे साहेबांनी तोंडी सांगितले आहे आणि ती त्याच गटात आहे. सांगावे तर कधी, आणि कुठे? सकाळच्या प्रवासात आम्ही एकमेकांच्या शेजारीच उभे असतो, त्यामुळे तेच सर्वांत सोपे वाटते.

धरमपेठ_मधली

प्रश्न नीट विचारल्याबद्दल आनंद वाटला, म्हणून उत्तरही सरळ देते. डब्यावरून निष्कर्ष काढू नका. सीताबर्डीला जिन्यावरून उतरल्यावर जे दार समोर येते त्यात आम्ही बायका चढतो, विशेषतः जोडगाडी सुटण्याच्या बेतात असते तेव्हा. खापरीला उतरून बसमध्ये बसायला जागा मिळवायची असेल तर कोणत्या डब्यातून लवकर बाहेर पडता येते, याचाही हिशेब असतो. शिवाय ओळखीचा सभ्य माणूस शेजारी असला की गर्दीत धक्के कमी लागतात, हे कारणही पुरेसे आहे. ती तुमच्यावर विश्वास ठेवते, एवढेच त्यातून खात्रीने म्हणता येईल. हा विश्वास मोठाच आहे, पण तो प्रेमापेक्षा वेगळा असू शकतो.

आणि कृपया सकाळी गाडीत काही सांगू नका. तिला नकार द्यायचा असेल तर ती कुठे जाणार? पुढचे स्थानक येईपर्यंत तुमच्यापासून हातभर अंतरावर उभी राहणार, मग तुमच्याच बसमध्ये बसणार आणि मग दिवसभर तुमच्याच विभागात काम करणार. उत्तर देणाऱ्याला निघून जाण्याची वाट मोकळी हवी.

वर्धारोड_७२

तुम्ही दोघेही सज्ञान आहात, त्यामुळे काळजीचे काही कारण दिसत नाही. मेट्रो हे सार्वजनिक ठिकाण आहे, कंपनीचे नाही. कार्यालयातील नियम कार्यालयाच्या फाटकाच्या आत लागू होतात. मेट्रोत केलेल्या बोलण्याशी कंपनीचा संबंध येत नाही. उलट कार्यालयात बोललात तर गुंतागुंत होईल. माझ्या मते मेट्रोतच बोलावे.

सदर_वकील

वर्धारोड यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा प्रेमाला किंवा सहकाऱ्यांमधील नात्याला मनाई करत नाही. हे आधी स्पष्ट करतो, कारण बरेच लोक त्याच्या नावाने उगाच घाबरतात. पण 'फाटकाच्या आत' ही मर्यादा त्या कायद्यात नाही. कामाच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जातो ती जागा आणि मालकाने त्यासाठी पुरवलेले वाहन, दोन्ही कामाच्या ठिकाणात मोडतात. म्हणजे खापरीवरून सुटणारी कंपनीची बस कायद्याच्या दृष्टीने तुमच्या कार्यालयाचाच भाग आहे. मेट्रो कंपनीने पुरवलेली नाही, त्यामुळे तिथल्या वागण्याबद्दल वाद होऊ शकतो; परंतु तिथे घडलेल्या गोष्टीचा परिणाम कार्यालयातील वागणुकीवर होऊ लागला तर अंतर्गत समिती तिकडे डोळेझाक करील, असे मी कोणत्याही अशिलाला सांगणार नाही.

प्रश्नकर्त्यासाठी खरा मुद्दा एप्रिलचा आहे. समोरच्या व्यक्तीला ते वागणे नकोसे होते का, हे कायदा पाहतो. एकदा सभ्य शब्दांत विचारणे आणि नकार मिळाल्यावर विषय कायमचा संपवणे, यात छळ नाही. पण विचारणारा वरिष्ठ असेल तर त्याच्या साध्या वाक्यालाही वेगळे वजन येते. होकार दिल्यास बढतीचे आणि नकार दिल्यास त्रासाचे सूचन, मग ते उघड असो वा आडवळणाचे, कायद्याने स्वतंत्रपणे नोंदवलेले आहे. तुम्ही तसे काहीही मनात आणणार नाही, हे मी मानतो. पण तिचे मूल्यमापन तुमच्या हातात आल्यावर तिच्या होकारात भीती किती आणि आवड किती, हे तुम्हालाही कळणार नाही.

हिंगणा_एमआयडीसी

मी निवृत्त माणूस आहे. माझी गोष्ट सांगतो, कारण ती याच प्रकारची आहे. मेट्रो येण्याच्या कितीतरी वर्षे आधी आम्ही हिंगण्याच्या कारखान्यात जात असू. कंपनीची बस बर्डीवरून निघायची आणि शंकरनगरपर्यंत भरून जायची. माझी पत्नी तेव्हा भांडार विभागात होती व मी तपासणी विभागात. रोज ती खिडकीजवळ बसे आणि मी उभा असे, कारण मी नंतरच्या थांब्यावर चढत असे. बसमध्ये आम्ही कधीच बोललो नाही. सगळी बस ऐकत असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. अंबाझरी तलावाच्या काठावर एका रविवारी तिच्या मोठ्या भावासमक्ष मी तिला विचारले. आज तो प्रकार जुनाट वाटेल, पण तिच्यासाठी तो सुरक्षित होता, असे ती अजूनही सांगते. लग्नानंतर तिने नोकरी सोडली आणि पुढे सर्व व्यवस्थित झाले.

धरमपेठ_मधली

काका, अंबाझरीची गोष्ट फार आवडली. पण नोकरी काकूंनीच का सोडली?

हिंगणा_एमआयडीसी

ताई, तेव्हा पती-पत्नीने एकाच कारखान्यात राहू नये, असे व्यवस्थापनाचे मत होते. माझा पगार तिच्यापेक्षा थोडा जास्त होता, म्हणून ती बाहेर पडली. ती तक्रार करत नाही, मात्र भांडार विभागातील तिच्या मैत्रिणी पुढे अधिकारी झाल्या, हे तिला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

गोकुळपेठ_संत्रा

माझ्या मते आंतरजातीय विवाह असेल तर विशेष विवाह कायद्याची तयारी आतापासूनच करावी. विवाह नोंदणी अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहणारा असावा लागतो आणि विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. आम्ही नोटीस दिल्यावर पुढचे तीन महिने उलटू दिले आणि सगळे पुन्हा करावे लागले, म्हणून सांगतो.

ऑरेंज_लाइन

गोकुळपेठ भाऊ, माहितीबद्दल आभार; परंतु तिला अजून काही विचारलेलेच नाही, त्यामुळे विवाह नोंदणीचा विषय फार पुढचा आहे.

वकीलसाहेब, आपल्या उत्तराने मी विचारात पडलो. मग आधी मनुष्यबळ विभागाला कळवावे का? आमच्या नियमपुस्तिकेत असे लिहिले आहे की वरिष्ठ आणि त्याच्या हाताखालील व्यक्ती यांच्यात जवळचे नाते असल्यास वरिष्ठाने ते लेखी कळवावे. तिला सांगण्याआधीच कळवले तर सर्व स्वच्छ राहील, असे वाटते.

मनुष्यबळ_प्रतापनगर

मी हेच काम गेली अनेक वर्षे करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. असे अजिबात करू नका. नियमपुस्तिकेतील ते कलम अस्तित्वात असलेल्या नात्यासाठी आहे. तुमच्याकडे आज नाते नाही, तुमच्या मनातील भावना आहे. तिचे नाव तुम्ही आमच्या विभागाला कळवले तर तिला माहीत होण्याआधी किमान दोन अनोळखी माणसांना ते माहीत होईल आणि तिने नकार दिला तरी त्या नोंदीत तिचे नाव राहील. तिच्या परवानगीशिवाय तिच्याविषयी असे काही कागदावर येणे हाच तिच्यावर अन्याय आहे.

करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. साहेबांनी अजून तोंडीच सांगितले आहे, पत्र निघालेले नाही. लेखा विभागात देयकांप्रमाणे वसुलीचाही गट असतो. तुम्ही साहेबांना भेटून वसुलीच्या गटाचे नेतृत्व मागू शकता किंवा मूल्यमापन दुसऱ्या कोणाकडे असलेली व्यवस्था सुचवू शकता. कारण विचारले तर, 'त्या गटात माझी निकटची ओळख आहे आणि मूल्यमापनात कोणाला शंकेला जागा राहू नये,' एवढे सांगितले तरी पुरते. नाव सांगण्याची गरज नाही. ही विनंती मार्चच्या हिशेबबंदीच्या धावपळीत करू नका. तेव्हा साहेब ऐकून घेणार नाहीत.

बोलण्याच्या वेळेबद्दलही तेच. तुम्ही लेखा विभागात आहात. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरायची असतात आणि त्याआधीचे दोन-तीन दिवस तुमच्याकडे कोणी धड जेवतसुद्धा नाही. अशा आठवड्यात तिच्या मनावर आणखी एक ओझे ठेवू नका.

वर्धारोड_७२

बसबद्दलची बाब मला माहीत नव्हती, ती मान्य करतो. तरी एक शंका आहे. एवढे सगळे आखून केल्यावर त्यात आपलेपणा उरेल का? मनातले सांगायला माणसाने गटाची बदली करून घ्यावी, हे मला अवघड वाटते. तिने नकार दिला तर गटही गेला आणि तीही गेली.

मनुष्यबळ_प्रतापनगर

गट गेला तर तुमचे थोडेसे नुकसान होईल, हे खरे आहे. पण तो गट ठेवून विचारले तर नुकसानीची सगळी शक्यता तिच्याकडे जाते. माझ्यासमोर आलेल्या तक्रारींमध्ये वाईट हेतूची माणसे कमी होती. बहुतेकांना आपला अधिकार समोरच्याला कसा दिसतो, याची कल्पनाच नव्हती. यापलीकडे वर्धारोड यांच्या प्रश्नाचे माझ्याकडे उत्तर नाही.

सदर_वकील

जागेबद्दल एक सुचवतो. सायंकाळी परतताना ती सीताबर्डीला उतरून ॲक्वा लाइनकडे जाते आणि तुम्ही पुढे इंदोऱ्याकडे जाता. म्हणजे तिथे तुमच्या वाटा आपोआप वेगळ्या होतात. त्या दिवशी तुम्ही सीताबर्डीला उतरलात, दोन मिनिटांत बोललात आणि तिच्यासमोर तिची गाडी उभी असली, तर उत्तर न देता निघून जाणेही तिला सोपे जाईल. स्थानकात माणसे असतात, प्रकाश असतो, आणि तरी ओळखीचे कान नसतात. मात्र आधी विचारून घ्या. अचानक तिच्या मागोमाग उतरू नका. तिला तो पाठलाग वाटेल.

धरमपेठ_मधली

याच्याशी पूर्ण सहमत. आणि शुक्रवारीच सांगा, म्हणजे तिला दोन दिवस मिळतील.

मनुष्यबळ_प्रतापनगर

शुक्रवारबद्दल माझे मत वेगळे आहे. दोन दिवस मोकळे असले तरी त्या दोन दिवसांत ती सोमवार सकाळच्या गाडीची चिंता करत बसेल. बुधवारी सांगितले तर गुरुवारी सकाळी तुम्ही नेहमीसारखेच वागता आहात, हे तिला लगेच दिसेल आणि तिचा जीव भांड्यात पडेल. आणखी एक. तिला वेगळ्या गाडीने किंवा महिलांच्या राखीव जागेतून यावेसे वाटले, तर त्याबद्दल एक शब्दही विचारू नका. प्रवासाची वेळ बदलणे हाही एक नकार असतो.

ऑरेंज_लाइन

सर्वांचे आभार. मध्यंतरी लिहिले नाही, कारण आधी साहेबांशी बोलायचे होते. प्रतापनगर ताईंनी सुचवलेल्या शब्दांतच बोललो. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिले, नाव विचारले नाही आणि वसुलीचा गट देतो म्हणाले. तिथे काम जास्त किचकट आहे, कारण जुन्या येण्यांचा बराच गुंता आहे. परंतु ते चालेल. एप्रिलचे पत्र तसे निघाले.

त्यानंतर विवरणपत्रांची तारीख उलटल्यावर एका बुधवारी सायंकाळी बसमध्ये नव्हे, तर खापरीच्या फलाटावर मी तिला विचारले की आज सीताबर्डीला पाच मिनिटे थांबता येईल का, कामाचे नाही, माझे वैयक्तिक आहे आणि नाही म्हटले तरी काही हरकत नाही. तिने होकार दिला. वाटेत आम्ही नेहमीसारखे बोललो, म्हणजे ती बोलली. मला उज्ज्वलनगर आणि जयप्रकाशनगर कधी गेले ते कळले नाही.

सीताबर्डीला ॲक्वा लाइनच्या फलाटाकडे जाणाऱ्या जिन्याजवळ मी तिला एवढेच सांगितले: "मला तुम्ही आवडता. तुमच्यासोबत आयुष्याचा विचार करावा, असे मला वाटते. उत्तर आजच द्यायला हवे असे नाही, दिलेच पाहिजे असेही नाही. उद्या सकाळी मी नेहमीसारखाच असेन." याहून जास्त बोलायचे ठरवले होते, पण तेवढेच जमले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की तुमचा गट का बदलला, हे मला दोन दिवसांपासून कोडे पडले होते. ते आता कळले. पुढे म्हणाली, "माझी पगारवाढ या महिन्यात ठरते आहे. ती माझ्या कामावर झाली, असे मला स्वतःला म्हणता आले पाहिजे. ते पत्र हातात येईपर्यंत याविषयी बोलू नये. त्यानंतर मी स्वतः सांगेन." तेवढ्यात तिची गाडी आली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच दाराने आत आली आणि पिशवी माझ्याकडे दिली. धरमपेठ ताई, त्यातून मी काही निष्कर्ष काढत नाही.

हिंगणा_एमआयडीसी

मुलगी फार विचारी आहे. तिने मागितलेला वेळ तिला मनापासून द्या.

गोकुळपेठ_संत्रा

मला हे उत्तर होकाराचेच वाटते.

धरमपेठ_मधली

मला तसे खात्रीने वाटत नाही. तिने वेळ मागितला आहे, तो वेळ म्हणूनच घ्यावा. पण 'मी स्वतः सांगेन' हे तिने आपल्या हातात ठेवले, हे मला फार आवडले.

ऑरेंज_लाइन

एक प्रश्न उरतो. बसमधल्या दोघा-तिघांनी आम्हाला फलाटावर बोलताना पाहिले आणि काल एकाने तिच्यासमोर टोमणा मारला. तिने त्याच्याकडे दुर्लक्ष केले. मी त्याला बाजूला घेऊन समज द्यावी का?

मनुष्यबळ_प्रतापनगर

तिला विचारल्याशिवाय देऊ नका. बस हे कार्यालयच आहे, हे वकीलसाहेबांनी सांगितलेच आहे. त्यामुळे टोमण्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार तिला आहे आणि घटनेपासून तीन महिन्यांपर्यंत ती लेखी तक्रार देऊ शकते. पण तो निर्णय तिचा आहे. तुम्ही मध्ये पडलात तर ज्या गोष्टीवर तिने अजून उत्तर दिलेले नाही, ती तुम्ही सगळ्या बससमोर जाहीर केल्यासारखे होईल.

वर्धारोड_७२

इथे मी असहमत आहे. आपल्यासमोर कोणी तिला बोलत असेल तर गप्प बसणे मला जमणार नाही. जे प्रेम करत नाहीत तेसुद्धा अशा वेळी बोलतात.

सदर_वकील

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. टोमणा पुन्हा तुमच्या देखत मारला गेला, तर कोणाही सहकाऱ्याने म्हणावे तसे, 'असे बोलू नका,' एवढे तिथल्या तिथे म्हणणे योग्य आहे. ते तुम्ही सहप्रवासी म्हणून म्हणा. बाजूला घेऊन समज देण्याने मात्र तुम्ही तिचे कोणीतरी आहात, असा दावा होतो.

ऑरेंज_लाइन

पटले. उद्या सकाळी याविषयी फक्त तिला विचारतो की तिला काय हवे आहे. पगारवाढीची पत्रे पुढच्या आठवड्यात मिळतील, असे कळते.